आरागिरणी विकली, मग नफा किती झाला?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यातले दोन मोठे सिमेंट कारखाने घ्या, एक आवारपूरचा आणि एक गडचांदूरचा. आज दोन्ही अल्ट्राटेकचे आहेत, पण दोन्ही दुसऱ्याच कंपन्यांच्या पोटात जन्मले. आवारपूरचा कारखाना लार्सन अँड टुब्रोने १९८३ मध्ये सुरू केला. गडचांदूरचा माणिकगड हा सेंच्युरी टेक्स्टाइल्सचा, म्हणजे मूळच्या कापडगिरणीवाल्या कंपनीचा एक विभाग होता. चिमणी, खाण, कन्व्हेयर सगळे जागच्या जागी राहिले. बदलली ती फक्त पुस्तके. एका कंपनीच्या ताळेबंदातून कारखाना उचलला गेला आणि दुसरीच्या ताळेबंदात ठेवला गेला.

मी चंद्रपूरचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो आणि योगायोगाने अशाच कामावर पडलो. एखाद्या कंपनीचा विभाग विकला गेला की त्याचा डेटा मूळ कंपनीच्या सिस्टिममधून वेगळा काढायचा, हे आमच्या टीमचे काम. अकाउंटिंग मी कॉलेजात शिकलो नव्हतो, या कामातच शिकलो. पण विभाग विकणे म्हणजे नेमके काय, हे मला नीट समजले ते माझ्या मामांच्या आरागिरणीमुळे.

मामांची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मामा, त्यांचे धाकटे भाऊ आणि एक जुने भागीदार मिळून ती चालवतात. मूलला राइस मिल आणि वडशाला आरागिरणी. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज. रेल्वे स्टेशनचे नाव वडसा असल्यामुळे आमच्या तोंडी तेच बसले आहे. दोन्ही गावे गोंदिया-चांदा फोर्ट लाइनवर, म्हणून एकाच माणसाला दोन्हीकडे लक्ष ठेवता येत होते. मामांची साठी उलटली तसे ते जमेना. वडशाच्याच एका लाकूड व्यापाऱ्याने आरागिरणी चालू स्थितीत, कामगारांसकट, एकरकमी मागितली. सौदा एक कोटी दहा लाखांना ठरला. (आकडे मी इथे गोल केले आहेत, हिशेब तोच आहे.)

मामांचा फोन आला. "एक कोटी दहा लाखाले विकली बाप्पा. आता तिघांत वाटून टाकतो. तू फक्त टॅलीतून वडशाचं खातं वेगळं काढून दे."

मी विचारले, "मामा, नफा किती धरलात?"

"किती म्हणजे? एक कोटी दहा लाख!"

विक्रीची किंमत, विक्रीवरचा नफा आणि हातात उरणारी रोख हे तीन वेगळे आकडे आहेत. तिघांत वाटायचे म्हटले तर तिन्ही माहीत हवेत.

पहिला प्रश्न असतो कुंपणाचा. आपण नेमके काय विकतोय? कंपनी विकली असती तर प्रश्न सोपा होता, शेअर दुसऱ्याच्या नावावर आणि आतले सगळे आपोआप त्याचे. इथे कंपनी मामांचीच राहणार होती, तिच्यातला एक तुकडा जाणार होता. म्हणून प्रत्येक वस्तूला विचारावे लागते, तू वडशाची की मूलची? जमीन, शेड, बँडसॉ, ट्रॉली, मोटारी यांना विचारावे लागले नाही. यार्डातली लाकडे आणि कापून ठेवलेला माल वडशाचा. गिऱ्हाइकांकडची उधारी वडशाची. वीज कंपनीकडची अनामत वडशाची. पण ट्रक? तो आठवड्यातले चार दिवस तांदूळ वाहायचा. तो मूलला राहिला. बँडसॉसाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जातले आठ लाख फिटायचे होते. ते कर्ज कंपनीच्या नावावर, तारण मात्र वडशाचे यंत्र. घेणाऱ्याने कर्ज नको म्हटले, म्हणून ठरले की विक्रीच्या पैशातून बँकेचे देणे फेडायचे आणि यंत्र मोकळे करून द्यायचे. म्हणजे कर्ज कुंपणाच्या बाहेर.

यादी अशी झाली. जमीन दोन लाख, कारण १९९१ मध्ये ती तेवढ्यालाच घेतली होती. शेड आणि यंत्रे मूळ किंमत अडतीस लाख, त्यावर साचलेला घसारा सव्वीस, म्हणजे पुस्तकात उरले बारा. मालाचा साठा एकतीस, येणी चौदा, अनामत एक. एकूण साठ लाख. दुसऱ्या बाजूला वाहतूकदार आणि इतर व्यापाऱ्यांचे देणे नऊ लाख, गिऱ्हाइकांनी दिलेली आगाऊ रक्कम तीन लाख. साठातून बारा गेले, अठ्ठेचाळीस उरले. ही वडशाची निव्वळ पुस्तकी मालमत्ता. वकील, मूल्यांकन आणि कागदपत्रांचा खर्च दोन लाख. एकशे दहातून अठ्ठेचाळीस आणि दोन वजा केले की साठ लाख. हा पहिल्या फेरीतला नफा.

मामांना हे लगेच पटले नाही. "जमीन दोन लाखाची कुठे आहे आता?" असे ते म्हणाले, आणि त्यांचा मुद्दा बरोबर होता. पुस्तकाला जमिनीचा आजचा भाव माहीत नसतो, तिला १९९१ ची पावती माहीत असते. त्याहून मोठी गोष्ट तर पुस्तकात नव्हतीच, ती म्हणजे आरागिरणीचा परवाना. गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर नव्या आरागिरणीला परवानगी मिळणे फार अवघड झाले, त्यामुळे जुन्या परवान्याला आपोआप किंमत चढली. मामांनी तो विकत घेतलेला नव्हता, म्हणून ताळेबंदात त्याची किंमत शून्य. घेणारा मात्र मुख्यतः त्याचेच पैसे मोजत होता. तेव्हा हे साठ लाख विक्रीच्या दिवशी कमावलेले नव्हते. ते तीसेक वर्षांत हळूहळू जमले होते आणि पुस्तकाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आता माझे काम, टॅली. मामांच्या मुनीमजींनी सोयीसाठी वडसा आणि मूल ही टॅलीत दोन वेगळ्या कंपन्यांसारखी ठेवली होती. कायद्याने एक कंपनी, कॉम्प्युटरवर दोन. वडशाचा ताळेबंद काढला तर देण्यांमध्ये एक ओळ दिसली, "मूल ऑफिस ७ लाख". मूलच्या बँक खात्यातून वडशाची मजुरी आणि वीजबिले भरली जायची, त्याची ती नोंद. मूलच्या बाजूला तेच सात लाख "वडशाकडून येणे" म्हणून उभे होते.

विभाग वेगळा काढताना हमखास चुकण्याची जागा हीच. वडशाचा ताळेबंद जसाच्या तसा उचलला, तर देणी सात लाखांनी जास्त दिसतात, निव्वळ मालमत्ता अठ्ठेचाळीसऐवजी एक्केचाळीस होते, आणि नफा सात लाखांनी फुगून सदुसष्ट होतो. कागदावर कुठेच काही चुकलेले दिसत नाही, दोन्ही बाजू जुळतात. पण कंपनी स्वतःचीच देणेकरी असू शकत नाही. घेणाऱ्याने ते सात लाख कधी मान्य केलेले नसतात, त्यामुळे विक्रीनंतर मूलच्या पुस्तकात सात लाखांचे असे येणे उरते की जे कोणाकडूनच येणार नाही. वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी ते बुडीत म्हणून काढून टाकते, आणि राइस मिलच्या नावावर उगाच तोटा लागतो.

ओळखायचे कसे? विकण्याआधी दोन्ही विभागांचे ताळेबंद एकत्र करायचे आणि आपापसातली खाती एकमेकांसमोर ठेवायची. ती समान आणि उलट असली पाहिजेत, आणि एकत्रित ताळेबंदात शून्य झाली पाहिजेत. मामांच्या पुस्तकात ती जुळत होती. मोठ्या कंपन्यांत मी पाहिले आहे, ती बहुधा जुळत नाहीत. एका बाजूने नोंद मार्चमध्ये असते, दुसरीने एप्रिलमध्ये. तो फरक शोधण्यातच आमच्या कामाचे आठवडे जातात.

दुसरी तशीच जागा घसाऱ्याची. यंत्रांची पुस्तकी किंमत बारा लाख म्हणून नुसते बारा काढून चालत नाही. पुस्तकात दोन खाती आहेत, मूळ किमतीचे अडतीस आणि साचलेल्या घसाऱ्याचे सव्वीस. दोन्ही पूर्ण बंद करावी लागतात. नुसते बारा काढले तर बेरीज बरोबर येते, पण मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये बँडसॉ जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी सिस्टिम इमानेइतबारे विकलेल्या यंत्रावर घसारा लावते. म्हणून विक्रीच्या नोंदीनंतर रजिस्टरची बेरीज आणि खातेवहीतली शिल्लक शेजारी ठेवून पाहायची. फरक असेल तर काहीतरी अर्धेच गेले आहे.

एवढे होईतो सीए साहेबांनी एक प्रश्न विचारला आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. "कामगारांची ग्रॅच्युइटी कुठे आहे?"

वडशाला अकरा कामगार होते, त्यातले काही मामांच्या तरुणपणापासूनचे. ग्रॅच्युइटीचा हिशेब सरळ आहे. शेवटचा महिन्याचा पगार, त्याला पंधरा भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षे. पंधरा हजार पगार आणि वीस वर्षे नोकरी असेल तर साधारण एक लाख त्र्याहत्तर हजार. अकरा जणांचे मिळून दहा लाखांच्या आसपास निघत होते. मामांच्या पुस्तकात त्याची एकही नोंद नव्हती. कोणी निवृत्त झाला की त्या वर्षी पैसे द्यायचे, अशी त्यांची पद्धत.

मामा म्हणाले, "ते मी देतोच की. आजपर्यंत कोणाचा पैसा ठेवला का?" खरेच ठेवला नव्हता. पण आता कामगार नव्या मालकाकडे जाणार होते. जुनी वीस वर्षे कोणाच्या खात्यावर? करारात हे स्पष्ट लिहिले नाही तर मामा म्हणणार आता तो पाहील, नवा मालक म्हणणार ती वर्षे माझ्याकडची नाहीत, आणि मध्ये तो माणूस उभा राहणार. घेणाऱ्याशी पुन्हा बोलणी झाली. त्याने सांगितले की एकशे दहाचा भाव ठरवताना त्याने हे देणे आपल्याकडे येणार असेच धरले होते. मग करारात प्रत्येक कामगाराचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख घातली, नोकरी अखंड धरली जाईल असे लिहिले, आणि दहा लाखांचे देणे त्याच्याकडे गेले.

आता पुस्तकात काय होते पाहा. आधी दहा लाखांचे देणे नोंदवावे लागते, तो कंपनीचा खर्च. मग तेच देणे विभागाबरोबर निघून जाते, म्हणून निव्वळ मालमत्ता अठ्ठेचाळीसवरून अडतीस होते. एकशे दहा वजा अडतीस वजा दोन, विक्रीवरचा नफा सत्तर लाख. साठाचे सत्तर झाले! मामा खूश झाले. पण वर दहा लाखांचा खर्च लागला आहे, म्हणून एकूण फरक तोच, साठ. विक्रीच्या नफ्याचा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नाही, तो एवढ्याचसाठी. आधी जितका खर्च लावाल तितका नंतरचा नफा मोठा दिसतो. मोठ्या कंपन्यांचे अहवाल वाचताना, विक्रीच्या आधीच्या तिमाहीत त्या विभागावर कसले खर्च टाकले ते मी आता आवर्जून पाहतो.

शेवटची नोंद अशी झाली. बँक एकशे दहा, साचलेला घसारा सव्वीस, व्यापाऱ्यांची देणी नऊ, आगाऊ रकमा तीन, ग्रॅच्युइटी दहा हे सगळे नावे, बेरीज एकशे अठ्ठावन्न. जमीन दोन, शेड-यंत्रे अडतीस, साठा एकतीस, येणी चौदा, अनामत एक हे जमा, बेरीज शहाऐंशी. उरलेले बहात्तर नफ्याच्या खात्याला जमा, त्यातून खर्चाचे दोन वजा. एवढ्या चार-पाच ओळींत वडसा मामांच्या पुस्तकातून गेला.

आणि रोख? एकशे दहातून दोन खर्चाचे, आठ बँकेचे. उरले एक कोटी, आणि त्यातून कर. कराचा हिशेब आणखी निराळा. एकरकमी विक्रीला आयकर कायदा 'स्लम्प सेल' म्हणतो, आणि त्याप्रमाणे नफा काढताना यंत्रांची पुस्तकी नाही, तर आयकराच्या घसाऱ्यानंतर उरलेली किंमत धरायची. ती बारा नव्हती, चारच होती. म्हणजे करासाठीचा नफा एवढ्यानेच आठ लाखांनी वाढला. शिवाय २०२१ पासून विक्रीची किंमत नियमाने काढलेल्या बाजारमूल्यापेक्षा कमी असेल तर ते बाजारमूल्यच किंमत धरले जाते, आणि तिथे जमीन १९९१ च्या पावतीने नाही तर सरकारी रेडी रेकनरने मोजतात. मामांचा भाव त्याच्या वर होता, म्हणून निभावले. तिघांत वाटायला एक कोटी दहा लाख कधीच नव्हते, हे मात्र त्यांच्या वहीत आले.

हा नफा कोणत्या तारखेचा, हा प्रश्न राहिला होता. करार मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाला आणि भागीदारांना तो त्याच वर्षात हवा होता. पण वनखात्याच्या मंजुरीशिवाय परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि परवान्याशिवाय आरागिरणी म्हणजे पत्र्याची शेड. मंजुरी येईपर्यंत गिरणी मामांच्याच ताब्यात, धोका त्यांचाच. यार्डाला आग लागली असती तर नुकसान कोणाचे? मामांचे. मग नफा मार्चमध्ये कसा धरणार? ताबा गेला त्या दिवशी, पुढच्या आर्थिक वर्षात, नोंद झाली.

याचे मोठे उदाहरण पुन्हा लार्सन अँड टुब्रोचेच आहे. अहमदनगर, नवी मुंबई अशा ठिकाणी कारखाने असलेला आपला इलेक्ट्रिकल अँड ऑटोमेशन विभाग १४,००० कोटी रुपये रोख घेऊन श्नायडरला विकण्याचा करार त्यांनी मे २०१८ मध्ये केला. मंजुऱ्या मिळून व्यवहार पूर्ण झाला तो ऑगस्ट २०२० अखेर. मधली दोन वर्षांहून जास्त विभाग पुस्तकातच होता, विक्रीचा नफा मात्र नाही. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस १०५ या मानकाचा एक बारीक परिणामही इथे दिसतो. विभाग 'विक्रीसाठी' म्हणून वेगळा काढला की त्याच्या यंत्रांवरचा घसारा थांबतो. त्यामुळे मधल्या काळात त्या विभागाचा नफा थोडा जास्त दिसतो, आणि पुस्तकी किंमत कमी न झाल्याने विक्रीच्या दिवशीचा नफा तेवढाच कमी.

आवारपूरचे मात्र असे झाले नव्हते. २००४ मध्ये एल अँड टीने सिमेंट विभाग अल्ट्राटेक या नव्या कंपनीत वेगळा काढला. नव्या कंपनीचे ऐंशी टक्के शेअर थेट एल अँड टीच्या भागधारकांना वाटले गेले, पाच शेअरमागे दोन. त्या भागासाठी कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही आला नाही. कारखाने आणि देणी पुस्तकी किमतीने गेली, आणि विक्रीचा नफा लिहिण्याचा प्रश्न आला नाही, कारण देणारे आणि घेणारे भागधारक एकच होते. उरलेल्या वीस टक्क्यांतले साडेआठ टक्के ग्रासिमने शेअरला १७१ रुपये ३० पैसे दराने सुमारे १८१ कोटींना घेतले. विक्री म्हणावी ती एवढीच. २०१९ मध्ये सेंच्युरीचे सिमेंट कारखाने अल्ट्राटेककडे गेले तेव्हाही सेंच्युरीच्या भागधारकांना आठ शेअरमागे अल्ट्राटेकचा एक शेअर मिळाला. मामांनी रोख घेतली म्हणून त्यांच्या नफ्याला तारीख आणि आकडा मिळाला. आवारपूरच्या शेअरवाल्यांना आपापला नफा पुढे आपापल्या विक्रीच्या दिवशी, एकेकट्याने मोजावा लागला.

पुढच्या वर्षी राइस मिलची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवून घ्यायला मामा बँकेत गेले. नफा-तोटा पत्रकात त्या वर्षी एरवीच्या कितीतरी पट नफा होता, आणि मामांना वाटले आता साहेब नाही म्हणायचे नाहीत. बँकेच्या अधिकाऱ्याने सत्तर लाखांची ती ओळ पेन्सिलने खोडली, वडशाच्या मागच्या वर्षांचे आकडेही बाजूला काढले, आणि एकट्या मूलच्या मिलचा तीन वर्षांचा नफा एका कोऱ्या कागदावर लिहून काढला. मर्यादा त्या कागदावरून ठरली. आम्ही तो कागद आधीच तयार करून फाइलला लावला होता, दुसऱ्या पानावर. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवले आणि सही केली.